'नेहमी', 'कधीच', 'फक्त' दिसलं की विधान असत्यच असतं का?

प्रश्न: मॅडम, मी बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम. वाणिज्य संघटन व व्यवस्थापनाच्या पेपरात 'सत्य की असत्य' विचारतात. क्लासमध्ये सांगितलंय की विधानात नेहमी, कधीच, सर्व, फक्त असे शब्द दिसले की सरळ 'असत्य' लिहायचं. पण सराव पेपरात याच युक्तीने माझी पाचातली दोन चुकली. मग हे शब्द बघायचे की नाही? आणि बघायचे तर नक्की काय बघायचं?

उत्तर:

बघायचेच. पण ते बघून लगेच उत्तर लिहायचं नाही. असा शब्द दिसला की विधानात नेमकं काय तपासायचं ते कळतं, तेवढाच त्याचा उपयोग. तपासल्यावर उत्तर 'सत्य'ही येऊ शकतं, आणि या विषयात ते बऱ्याच वेळा येतं. तुझी दोन विधानं त्यामुळेच गेली असणार.

हे शब्द विधानात येतात कसे, ते आधी समजून घे. मी हा विषय शिकवते आणि चाचण्यांचे पेपरही काढते, त्यामुळे ही बाजू मला रोजच्या कामातली आहे. पेपर काढणारा माणूस विधान हवेतून आणत नाही. तो पुस्तकातलं एक वाक्य उचलतो. विधान सत्य ठेवायचं असेल तर वाक्य जसंच्या तसं देतो किंवा थोडं फिरवून लिहितो. असत्य करायचं असेल तर दोनच सोपे रस्ते असतात. एक म्हणजे नाव बदलायचं: पुस्तकात 'नियोजन हे व्यवस्थापनाचे पहिले कार्य' असेल तर नियोजनाच्या जागी संघटन टाकायचं. दुसरा म्हणजे व्याप्ती ताणायची: पुस्तकात 'नियोजनामुळे अनिश्चितता कमी होते' असेल तर 'नियोजनामुळे अनिश्चितता पूर्णपणे नाहीशी होते' असं करायचं. क्लासमधली युक्ती या दुसऱ्या रस्त्यावरून निघाली आहे आणि तेवढ्यापुरती ती बरोबर आहे. अडचण अशी की पुस्तकातल्या मूळ वाक्यांतही 'सर्व', 'फक्त', 'प्रत्येक' असतात. समन्वय सर्व स्तरांवर लागतो, हे पुस्तकच सांगतं. म्हणून तुझ्यासमोरचा खरा प्रश्न असा असतो: हा शब्द वाक्यात मूळचाच आहे, की पेपर काढणाऱ्याने नंतर चिकटवलाय?

ते ओळखायला एक साधी कृती कर. तो शब्द बोटाने झाक आणि उरलेलं वाक्य वाच. उरलेलं वाक्यच चुकीचं असेल तर प्रश्न तिथेच संपला, उत्तर असत्य. उरलेलं वाक्य बरोबर असेल तर आता फक्त त्या शब्दाची परीक्षा बाकी राहते. बोट काढ आणि स्वतःला विचार, 'याला एक तरी अपवाद मी शिकलेय का?' एक अपवाद पुरतो. 'भारतातल्या सर्व चलनी नोटा रिझर्व्ह बँक काढते' हे विधान पाडायला एक रुपयाची नोट पुरेशी आहे, कारण ती भारत सरकार काढतं आणि तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते. बाकीच्या सगळ्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या असल्या तरी 'सर्व' हा शब्द टिकत नाही.

आता ही कृती एका प्रकरणावर नीट लावून बघू. मी व्यावसायिक सेवांमधला विमा घेते, कारण तिथे एकाच शब्दाने दोन उलटी उत्तरं येतात. ही दोन विधानं बघ:

'नुकसानभरपाईचे तत्त्व विम्याच्या सर्व करारांना लागू होते.'

'परमविश्वासाचे तत्त्व विम्याच्या सर्व करारांना लागू होते.'

दोन्हींत 'सर्व' आहे. क्लासच्या युक्तीने दोन्ही असत्य ठरतात. प्रत्यक्षात पहिलं असत्य आहे आणि दुसरं सत्य. पहिल्यातला 'सर्व' झाकला तर 'नुकसानभरपाईचे तत्त्व विम्याच्या करारांना लागू होते' उरतं, ते ठीक आहे. आता अपवाद शोध. आगीच्या विम्यात जेवढं नुकसान झालं तेवढीच भरपाई मिळते, कारण जळालेल्या मालाची किंमत काढता येते. माणसाच्या जिवाची किंमत कशी काढणार? म्हणून आयुर्विम्यात नुकसान मोजायचा प्रश्नच येत नाही. पॉलिसीत ठरलेली रक्कम मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर द्यायची असते. अपवाद सापडला, विधान असत्य.

दुसऱ्या विधानात तोच शोध घे. परमविश्वास म्हणजे दोन्ही पक्षांनी कराराशी संबंधित महत्त्वाची माहिती न लपवता सांगणं. आयुर्विमा घेणाऱ्याने आपला आजार सांगायचा, आगीचा विमा घेणाऱ्याने गोदामात ज्वालाग्राही माल ठेवतो का ते सांगायचं, सागरी विम्यात मालाचं खरं स्वरूप सांगायचं, आणि विमा कंपनीनेही अटी उघड करायच्या. ज्यात माहिती लपवली तरी चालते असा एकही विमा नाही. अपवाद नाही, म्हणून 'सर्व' टिकतो आणि विधान सत्य.

इथे एक गोष्ट लक्षात घे, म्हणजे प्रत्येक तत्त्वाचं उत्तर वेगळं पाठ करावं लागणार नाही. आयुर्विम्याला नुकसानभरपाई का लागू नाही याचं कारण कळलं की आणखी दोन तत्त्वांची उत्तरं आपोआप येतात. समजा, एका व्यापाऱ्याने गोदामातल्या मालाचा विमा एका कंपनीकडे ६ लाखांचा आणि दुसरीकडे ४ लाखांचा उतरवला आणि आगीत १ लाखाचं नुकसान झालं. त्याला दोन्हीकडून मिळून १ लाखच मिळतो. पहिली कंपनी ६० हजार देते, दुसरी ४० हजार. हे अंशदानाचं तत्त्व. कोणीही नुकसानापेक्षा जास्त घेऊ नये म्हणून ते आहे. आयुर्विम्यात नुकसान मोजतच नाहीत, त्यामुळे दोन पॉलिसी असतील तर वारसांना दोन्हींची पूर्ण रक्कम मिळते आणि अंशदानाचा प्रश्न उरत नाही. प्रत्यासनाचंही तसंच. भरपाई दिल्यावर खराब मालावरचा हक्क विमा कंपनीकडे जातो, हे आयुर्विम्यात शक्यच नाही. म्हणजे 'अंशदानाचे तत्त्व सर्व विमा करारांना लागू होते' हेही असत्य, आणि कारण तेच.

याच प्रकरणात 'नेहमी'ची एक वेगळी खोच आहे. 'विमायोग्य हितसंबंध करार करताना आणि नुकसान होताना नेहमीच असावा लागतो.' हितसंबंध लागतो हे बरोबर, तो सगळ्याच विम्यांत लागतो. पण कधी लागतो, ते विम्यानुसार बदलतं. आयुर्विम्यात करार करताना असला की पुरतो, सागरी विम्यात नुकसान होताना असावा लागतो आणि आगीच्या विम्यात दोन्ही वेळी. त्यामुळे विधान असत्य. मुलं इथे घसरतात, कारण ती 'हितसंबंध सर्व विम्यांत लागतो' एवढं आठवून 'सत्य' लिहून मोकळी होतात. अपवाद शोधताना विधान नेमकं कशाबद्दल ठाम आहे ते बघ: प्रकाराबद्दल, काळाबद्दल, व्यक्तीबद्दल की प्रमाणाबद्दल. 'सर्व' बहुतेक वेळा प्रकाराबद्दल बोलतो, 'नेहमी' काळाबद्दल, 'फक्त' व्यक्ती किंवा पातळीबद्दल आणि 'पूर्णपणे' प्रमाणाबद्दल. अपवादही त्याच दिशेने शोधायचा.

आता व्यवस्थापनाच्या पाठांकडे येऊ, कारण तुझी गेलेली विधानं बहुधा तिथली असतील. तिथे मी मुलांना एक फरक करायला शिकवते आणि तो चांगला उपयोगी पडतो. विधान गरजेबद्दल आहे की परिणामाबद्दल?

'समन्वय व्यवस्थापनाच्या सर्व स्तरांवर आवश्यक असतो.' 'नियंत्रणाची गरज प्रत्येक संस्थेला असते.' ही गरजेची विधानं आहेत आणि दोन्ही सत्य आहेत. व्यवस्थापन सर्वव्यापी आहे हा या विषयाचा पायाच आहे. दुकान असो, दवाखाना असो, शाळा असो की कारखाना, नियोजन, संघटन, नियंत्रण सगळीकडे लागतं. म्हणून 'अमुक कार्य सर्वत्र लागतं' अशा वाक्यातला 'सर्व' बहुतेक वेळा पुस्तकातलाच असतो.

आता हे बघ: 'योग्य नियोजन केल्यास संस्थेला नेहमीच यश मिळते.' हे परिणामाचं विधान आहे. नियोजन उत्तम असलं तरी सरकारचं धोरण बदलू शकतं, मागणी पडू शकते, पूर येऊ शकतो, स्पर्धक नवीन माल आणू शकतो. नियोजन अंदाजावर उभं असतं आणि अंदाज चुकू शकतो. व्यवस्थापनातली कोणतीही गोष्ट यशाची हमी देत नाही, ती यशाची शक्यता वाढवते. म्हणून परिणाम सांगणाऱ्या वाक्यात 'नेहमी', 'निश्चितपणे', 'पूर्णपणे' आले की तो शब्द चिकटवलेला असण्याची शक्यता फार मोठी.

कधी कधी दोन्ही एकाच वाक्यात जोडून देतात: 'नियोजन सर्व स्तरांवर आवश्यक असून त्यामुळे उद्दिष्टे नेहमीच साध्य होतात.' पहिला अर्धा भाग गरजेचा आणि बरोबर. दुसरा अर्धा परिणामाचा आणि चूक. अर्धं चूक म्हणजे पूर्ण विधान असत्य. घाईत पहिलाच भाग वाचून 'सत्य' लिहिणारी मुलं दर वर्षी दिसतात, म्हणून वाक्यात 'आणि', 'असून', 'त्यामुळे' आलं की दोन्ही तुकडे वेगवेगळे वाच.

'फक्त' आणि 'केवळ' मात्र गरजेच्या विधानातही खोटे ठरू शकतात, कारण ते व्याप्ती वाढवत नाहीत, आवळतात. 'नियोजन हे फक्त उच्च स्तरीय व्यवस्थापनाचे काम आहे' हे असत्य. उच्च स्तर धोरण आणि दीर्घ मुदतीच्या योजना ठरवतो हे खरं, पण विभागप्रमुख विभागाची योजना करतो आणि पर्यवेक्षक उद्या कोणत्या यंत्रावर कोण बसेल ते आज ठरवतो. तेही नियोजनच. जे सर्वव्यापी आहे ते आवळणारा 'फक्त' खोटा पडणारच.

या विषयात ठाम शब्द एवढे का पडतात, त्याचं मूळ हेन्री फेयॉलकडे आहे. फेयॉल फ्रान्समधला खाण अभियंता. एका मोठ्या खाण व पोलाद कंपनीचा कारभार अनेक वर्षं सांभाळल्यावर १९१६ साली त्याने आपली १४ तत्त्वं मांडली. आणि ती मांडतानाच त्याने बजावलं की व्यवस्थापनाच्या व्यवहारात ताठर किंवा निरपेक्ष असं काही नसतं, सगळा प्रमाणाचा प्रश्न असतो. तत्त्वं परिस्थितीप्रमाणे वाकवायची असतात. पुस्तकात तत्त्वांच्या स्वरूपात 'लवचीकता' हा मुद्दा येतो, तो हाच. म्हणून 'व्यवस्थापनाची तत्त्वे सर्व संघटनांना लागू पडतात' हे सत्य आणि 'व्यवस्थापनाची तत्त्वे सर्व संघटनांत एकाच पद्धतीने लागू करावी लागतात' हे असत्य. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाच. दुसऱ्यात 'एकाच पद्धतीने' हे दोन शब्द वाढले आणि लवचीकता गेली.

फेयॉलने स्वतःच्याच तत्त्वालाही वाट ठेवली आहे. अधिकार साखळीचं तत्त्व सांगतं की आदेश आणि माहिती वरून खाली आणि खालून वर, पायरीपायरीने जावी. पण दोन विभागांतल्या बरोबरीच्या माणसांना तातडीने बोलायचं असेल तर वरिष्ठांच्या परवानगीने त्यांनी थेट बोलावं, यासाठी त्याने गँग प्लँक सांगितला. म्हणून 'अधिकार साखळी कोणत्याही परिस्थितीत ओलांडता येत नाही' हे असत्य. अपवाद तत्त्वाच्या आतच दिलेला आहे.

मग याच पाठातलं हे विधान घे: 'आदेशाच्या एकतेच्या तत्त्वानुसार कर्मचाऱ्याने फक्त एकाच वरिष्ठाकडून आदेश घ्यावेत.' यात 'फक्त' आहे, 'एकाच' आहे, आणि तरी ते सत्य आहे. माझ्या अंदाजाने तुझं एक विधान याच जातीचं असेल. असं का? कारण इथे वाक्य जगात काय घडतं ते सांगत नाही, तत्त्व काय म्हणतं ते सांगतं. 'तत्त्वानुसार' हा शब्द आणि शेवटचं 'घ्यावेत' हे क्रियापद, दोन्ही बघ. 'घ्यावेत', 'असावे', 'पाहिजे' म्हणजे नियम. नियमात 'फक्त' असणं स्वाभाविक आहे, तोच त्या नियमाचा गाभा आहे. तेच वाक्य 'प्रत्येक संस्थेत कर्मचाऱ्याला नेहमी एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळतात' असं झालं की ते घडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायला लागतं आणि खोटं पडतं. टेलरचीच रचना बघ. त्याच्या कार्यात्मक पद्धतीत एका कामगारावर आठ नायक असतात, चार नियोजनाच्या बाजूचे आणि चार प्रत्यक्ष कामाच्या बाजूचे. म्हणून विधानाच्या सुरुवातीला कोणाचं नाव आहे, फेयॉलचं की टेलरचं, ते वाचल्याशिवाय 'फक्त'कडे जाऊ नकोस.

व्याख्या आणि कायद्याच्या वाक्यांनाही हेच लागू होतं. तिथे ठाम शब्द बऱ्याचदा खरे असतात, पण अट वाचावी लागते. 'कंपनी कायद्यानुसार सर्व कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करणे बंधनकारक आहे' हे असत्य. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ठरावीक आकाराच्या कंपन्यांनाच लागू होतं: नक्त मूल्य ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त. तिन्हींपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरे. आता 'सर्व कंपन्यांना'च्या जागी 'कलम १३५ च्या मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येक कंपनीला' असं लिहिलं की विधान सत्य होतं. 'प्रत्येक' तिथेही आहेच. फरक एवढाच की अट आधी सांगून टाकली, त्यामुळे अपवाद बाहेरच राहिले.

तू मराठी माध्यमाची आहेस म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण क्लासच्या यादीत ती बहुधा नसते. मराठीत ठामपणा वेगळ्या शब्दाने यावा लागत नाही, तो एका 'च'मध्ये बसतो, आणि 'च' कुठे बसला यावर अर्थ बदलतो. 'जाहिरातीमुळे विक्री वाढतेच' म्हणजे जाहिरात केली की विक्री नक्की वाढणार. 'जाहिरातीमुळेच विक्री वाढते' म्हणजे जाहिरातीशिवाय दुसऱ्या कशानेही ती वाढत नाही. दोन्ही असत्य आहेत, पण कारणं वेगळी. पहिल्याला उत्तर असं की जाहिरात करूनही माल पडून राहू शकतो. दुसऱ्याला उत्तर असं की किंमत, गुणवत्ता, वितरण यांनीही विक्री वाढते. कारण लिहायचं असेल तर 'च' कोणत्या शब्दाला चिकटलाय ते बघूनच लिही.

दुसरी गोष्ट नकाराची. 'उत्तम नियोजन नेहमीच यशाची हमी देत नाही' हे वाचून 'नेहमीच' दिसला म्हणून बरीच मुलं असत्य लिहितात. पण 'नेहमीच... नाही' म्हणजे कधी कधी तसं होत नाही, एवढंच. हे मवाळ विधान आहे आणि सत्य आहे. 'कधीच... नाही' मात्र कडक. 'नियोजन कधीच यशस्वी होत नाही' असं कोणी लिहिलं तर ते असत्य. 'सर्व व्यवस्थापक चांगले नेते नसतात' हेही पहिल्याच प्रकारचं: काही असतात, काही नसतात, म्हणून सत्य. 'कोणताही व्यवस्थापक चांगला नेता नसतो' हे दुसऱ्या प्रकारचं आणि असत्य. नकाराचं विधान आलं की ते मनात होकारात फिरवून बघ, घोटाळा होत नाही.

काही विधानांत ठाम शब्द दिसतच नाही, ठामपणा क्रियापदात असतो. मघाच्या 'अनिश्चितता पूर्णपणे नाहीशी होते' या वाक्यातून 'पूर्णपणे' झाकून बघ. उरलेलं 'नाहीशी होते' तेवढंच कडक आहे. नाहीसे होणे, संपणे, टळणे, हमी मिळणे ही क्रियापदं 'नेहमी'चंच काम करतात. 'उद्योजक हा जन्मावा लागतो, घडवता येत नाही' यातही 'सर्व' किंवा 'फक्त' नाही, तरी ते उद्योजकता प्रशिक्षणाची गरजच नाकारतं आणि म्हणून असत्य ठरतं.

याच्या उलट, मवाळ शब्द आला म्हणून विधान सत्य होत नाही. 'नियंत्रणाची गरज काही संस्थांनाच असते' हे ऐकायला सौम्य वाटतं, पण नियंत्रण सगळ्यांना लागतं, म्हणून असत्य. क्लासची युक्ती या बाजूनेही फसते. 'काही', 'कधी कधी', 'सहसा' यांनाही तीच बोटाची परीक्षा लाव.

अपवाद शोधताना एक मर्यादा पाळ. अपवाद पाठातल्या मजकुरातून, किंवा त्या विषयात सर्वमान्य असलेल्या गोष्टीतून यायला हवा. हुशार मुलं इथे गुण घालवतात. 'नियोजन हे व्यवस्थापनाचे पहिले कार्य आहे' हे वाचून एखादी म्हणते की चालू कारखान्यात मागच्या वर्षीच्या नियंत्रणातून पुढचं नियोजन निघतं, मग पहिलं कार्य नियंत्रणच नाही का? वर्गात मला हा वाद आवडतो आणि तो मी पूर्ण होऊ देते. पण बोर्डाच्या पेपरात उत्तर पुस्तकाच्या मांडणीप्रमाणे तपासलं जातं आणि तिथे हे विधान सत्य आहे. अपवाद सापडायला तुला दोन-तीन 'समजा' जोडावे लागत असतील तर तो परीक्षेपुरता अपवाद नाही.

आता तयारीबद्दल. सराव पेपर सोडवण्याआधी पाठ वाचतानाच पेन्सिल हातात ठेव. पुस्तकातल्या वाक्यात सर्व, प्रत्येक, फक्त, एकमेव, पहिले, शेवटचे असा शब्द आला की त्याला गोल कर आणि समासात एक तर अपवाद लिही, नाही तर 'अपवाद नाही' असं लिही. विम्याच्या पाठात परमविश्वासापुढे 'अपवाद नाही' आणि नुकसानभरपाईपुढे 'आयुर्विमा' एवढं लिहिलेलं असेल तर पेपर काढणारा काय चिकटवू शकतो ते तुला आधीच माहीत असतं. पाठात असे गोल थोडेच होतात, पण विधानं बहुधा तिथूनच येतात.

पेपरात एवढं सगळं करूनही ठरत नसेल तर जागा कोरी सोडू नकोस, बोर्डात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा शेवटचा कौल असा लाव: ठाम शब्द परिणामाबद्दल असेल तर असत्य, गरज, व्याख्या, तत्त्व किंवा कायद्याबद्दल असेल तर सत्य. हा कौल कधी चुकेल, पण 'शब्द दिसला की असत्य' यापेक्षा पुष्कळ कमी चुकेल.

पुढे एफवाय बीकॉमला किंवा कॉलेजच्या चाचणीत 'सत्य की असत्य ते सकारण लिहा' असं आलं तर कारणाचं वाक्य त्या ठाम शब्दावरच जाऊन बसलं पाहिजे. 'नुकसानभरपाईचे तत्त्व विम्याच्या सर्व करारांना लागू होते' याखाली 'असत्य, कारण नुकसानभरपाई म्हणजे झालेले नुकसान भरून देणे' असं लिहिलं तर कारणाचे गुण मिळत नाहीत. ती व्याख्या झाली, 'सर्व'ला हातही लागला नाही. 'असत्य, कारण आयुर्विम्यात जीविताचे नुकसान पैशात मोजता येत नाही आणि ठरलेली रक्कम दिली जाते, त्यामुळे हे तत्त्व त्याला लागू होत नाही' असं लिही.